कॅमेऱ्यात आलं नाही, म्हणजे जंगलात नाही?

००००००

कॅमेरा ट्रॅपच्या तक्त्यात अशा ओळी ढिगाने असतात. एक ओळ म्हणजे जंगलातलं एक ठिकाण आणि एक आकडा म्हणजे ठरावीक दिवसांची एक फेरी. त्या फेरीत हव्या त्या प्राण्याचा फोटो मिळाला तर १, नाही मिळाला तर ०. सहा फेऱ्या झाल्या, सहाही वेळा काही हाती लागलं नाही, की सहा शून्यं. अहवाल लिहायला बसलं की प्रश्न उभा राहतो. या ठिकाणी तो प्राणी नाही, असं लिहायचं? की तो आहे, पण आपल्या कॅमेऱ्यासमोर आला नाही? तक्त्यात दोन्हींची खूण एकच, शून्य.

ही दोन शून्यं एकमेकांपासून वेगळी काढण्याचा हिशेब म्हणजे ऑक्युपन्सी मॉडेलिंग. 'या एका ओळीतलं शून्य खरं की खोटं' हे त्यातून छातीठोकपणे सांगता येत नाही. पण सगळ्या शून्यांपैकी साधारण किती खोटी आहेत, हे सांगता येतं. आणि ते सांगण्यासाठी लागणारा पुरावा रिकाम्या ओळींत नसतो, भरलेल्या ओळींत असतो.

मोजता न येणारे प्राणी

कॅमेरा ट्रॅप म्हणजे झाडाच्या खोडाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधलेली एक पेटी. तिच्यातला सेन्सर समोरून हलणाऱ्या अंगाच्या आणि मागच्या जमिनीच्या तापमानातला फरक टिपतो आणि कॅमेरा चालू करतो. माणूस नसताना, दिवसरात्र, आठवडेच्या आठवडे हे काम चालतं. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी असे कॅमेरे लावले होते आणि त्यांतून ३ कोटी ४८ लाखांहून जास्त फोटो निघाले. त्यांत वाघाचे होते ७६,६५१.

वाघाच्या बाबतीत फोटो मिळाला की पुढचं गणित बरंच सोपं होतं. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असतात, त्यामुळे कालचा आणि आजचा वाघ एकच की दोन हे ओळखता येतं आणि त्यावरून संख्येचा अंदाज बांधता येतो. बिबट्याच्या ठिपक्यांवरूनही हे जमतं. पण सांबर, भेकर, साळिंदर, उदमांजर, चांदी अस्वल यांचं काय? दहा फोटोंमध्ये दहा साळिंदरं आहेत की एकच साळिंदर दहा वेळा येऊन गेलं, हे फोटो बघून कळत नाही.

म्हणून अशा प्राण्यांसाठी प्रश्नच बदलावा लागतो. 'किती आहेत' याऐवजी 'किती ठिकाणी वावर आहे' असं विचारायचं. साठ ठिकाणी कॅमेरे लावले, त्यांतल्या किती ठिकाणी हा प्राणी येतो-जातो? हा वाटा म्हणजे ऑक्युपन्सी. गणितात त्याला ψ म्हणतात, उच्चार 'साय'. उत्तर सोपं वाटतं: जितक्या ठिकाणी फोटो मिळाला, त्याला साठाने भागा. पण हे उत्तर जवळजवळ नेहमीच कमी पडतं, कारण त्यात प्रत्येक शून्य खरं धरलेलं असतं.

बेडकांपासून सुरुवात

या अडचणीवरचा आज सर्वांत जास्त वापरला जाणारा उपाय २००२ साली 'इकॉलॉजी' या नियतकालिकात आला. डॅरिल मॅकेन्झी, जेम्स निकोल्स आणि त्यांच्या चार सहकाऱ्यांचा तो निबंध होता. त्यात कॅमेरेही नव्हते आणि वाघही नव्हते. वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर या शहरांभोवतालच्या २९ पाणथळ जागा होत्या, आणि तिथे पुन्हा पुन्हा जाऊन केलेल्या बेडकांच्या नोंदी होत्या. स्प्रिंग पीपर नावाच्या चिमुकल्या बेडकाची नोंद ८३ टक्के जागांवर झाली होती, हिशेबाने आलं ८५ टक्के. म्हणजे तो जिथे आहे तिथे बहुतेक सापडतोच. अमेरिकन टोडची नोंद मात्र ३४ टक्के जागांवर होती आणि हिशेब सांगत होता की तो ४९ टक्के जागांवर असावा. त्याच जागा, तीच माणसं. पण एका जातीच्या बाबतीत शून्यावर विश्वास ठेवता येत होता आणि दुसरीच्या बाबतीत नाही.

हे कळलं कसं? जनगणनेच्या कर्मचाऱ्याचं उदाहरण घ्या. तो एका गल्लीतल्या प्रत्येक दारावर सहा वेगवेगळ्या दिवशी थाप मारतो. काही दारं एकदाही उघडत नाहीत. ती घरं रिकामी आहेत की माणसं बाहेर गेली आहेत, हे बंद दाराकडे बघून कळणार नाही. पण जी दारं उघडली, ती किती वेळा उघडली ते त्याच्या वहीत आहे. उघडलेली दारं सहापैकी पाच-पाच वेळा उघडत असतील, तर सहाही वेळा बंद राहिलेलं घर बहुधा रिकामंच. पण उघडलेली दारं सहापैकी जेमतेम एकदा उघडत असतील, तर बंद दारांमागेही बरीच माणसं राहत असणार.

ऑक्युपन्सी मॉडेलचा सगळा जीव एवढ्यात आहे. बाकीचं गणित याच विचाराला आकड्यांत बसवतं.

साठ कॅमेऱ्यांचा हिशेब

तो हिशेब एकदा करूनच बघू. पुढचे आकडे समजावण्यासाठी रचलेले आहेत, पण आकडेमोड खरी आहे.

सह्याद्रीतल्या एखाद्या जंगलात साठ ठिकाणी कॅमेरे लावले, तीस दिवस ठेवले. पाच दिवसांची एक फेरी धरली, म्हणजे सहा फेऱ्या. प्राणी घेऊ चांदी अस्वल: रात्री फिरणारं, एकटं-दुकटं, अंगावर ओळखीची खूण नसलेलं. तीस दिवसांनी मेमरी कार्डं तपासली तेव्हा असं निघालं: १२ ठिकाणी ते सहापैकी एकाच फेरीत दिसलं, ५ ठिकाणी दोन फेऱ्यांत, २ ठिकाणी तीन फेऱ्यांत. उरलेल्या ४१ ठिकाणी एकदाही नाही.

सरळ उत्तर: साठपैकी १९ ठिकाणी वावर, म्हणजे सुमारे ३२ टक्के.

आता त्या १९ ओळींकडे नीट बघा. चांदी अस्वल जिथे नक्की आहे, तिथेही ते बहुतेक वेळा सहापैकी एकदाच दिसलंय. एकदा दिसलेली ठिकाणं १२, दोनदा ५, तीनदा २. हा उतार पाहिला की 'शून्यदा' दिसलेली ठिकाणंही बरीच असणार हे डोळ्यांनाही जाणवतं. १२ च्या आधीच्या पायरीवर एकदम काहीच नसेल, हे संभवत नाही.

मॉडेल हेच मोजतं. एका फेरीत प्राणी नोंदला जाण्याच्या शक्यतेला p म्हणू. अर्थात तिथे वावर असेल तर. मग ०१००१० अशी ओळ मिळण्याची शक्यता किती? आधी तिथे वावर हवा, म्हणजे ψ. आणि मग फेरीगणिक न दिसणं, दिसणं, न दिसणं असं घडायला हवं:

ψ × (1−p) × p × (1−p) × (1−p) × p × (1−p)

सहा शून्यांच्या ओळीला मात्र दोन वाटा आहेत. एक तर वावर होता पण सहाही वेळा हुकला, किंवा वावरच नव्हता:

ψ × (1−p)⁶ + (1−ψ)

दोन शून्यांमधला फरक या बेरजेच्या चिन्हावर उभा आहे. डावीकडे खोटं शून्य, उजवीकडे खरं. आता संगणक ψ आणि p च्या वेगवेगळ्या किमती घेऊन बघतो की कोणत्या जोडीने सगळ्या साठ ओळी मिळून सर्वांत जास्त संभवनीय ठरतात. आपल्या आकड्यांसाठी उत्तर येतं: p सुमारे १६ टक्के, ψ सुमारे ४९ टक्के.

पडताळा हातानेही घेता येतो. पाच दिवसांत दिसण्याची शक्यता १६ टक्के असेल, तर सहाही फेऱ्या हुकण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के निघते. म्हणजे वावर असलेल्या दर शंभर ठिकाणांपैकी फक्त ६४ ठिकाणी महिन्याभरात एक तरी फोटो मिळेल. आपल्याला १९ ठिकाणी मिळाला. १९ ला ०.६४ ने भागलं की जवळजवळ ३०. साठपैकी ३० ठिकाणी वावर, त्यातली १९ दिसली, १० ते ११ हुकली. ४१ रिकाम्या ओळींपैकी साधारण चौथा हिस्सा खोटा आहे.

कुठल्या अकरा ओळी खोट्या, ते मात्र कळत नाही. एकेका रिकाम्या ठिकाणाबद्दल एवढंच म्हणता येतं की तिथे वावर असण्याची शक्यता चारात एक आहे. आणि ४९ टक्के हा आकडाही एकटा द्यायचा नसतो. एवढ्या माहितीवर त्याची अनिश्चितता मोठी आहे. खरं मूल्य पाव ते पाऊण यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. 'सरळ' उत्तराचे ३२ टक्के नेमके वाटतात खरे, पण तो नेमकेपणा दिखाऊ आहे. तो आकडा चांदी अस्वलाविषयी जितकं सांगतो तितकंच कॅमेऱ्याच्या नशिबाविषयीही सांगतो.

ही अनिश्चितता कमी करायची तर दुप्पट ठिकाणं घ्यावीत की दुप्पट दिवस? आपल्या उदाहरणात तेच कॅमेरे साठ दिवस ठेवले, तर अंदाजाची फट सुमारे पंधरा टक्के इकडे-तिकडे अशी होते. १२० ठिकाणी तीस-तीस दिवस ठेवले तर अठरा. कारण इथे खरी अडचण p ची आहे, आणि ती फेऱ्या वाढवूनच सुटते. जो प्राणी सहज दिसतो पण फार थोड्या ठिकाणी आहे, त्याच्यासाठी उत्तर उलटं येईल: फेऱ्या कमी, ठिकाणं जास्त. म्हणून कॅमेरे बांधण्याआधीच कुठल्या प्राण्यासाठी बांधतोय हे ठरवावं लागतं. वाघासाठी बेतलेल्या मांडणीतून साळिंदराविषयीचे निष्कर्ष आपोआप मिळत नाहीत.

वाट बदलली, आकडा बदलला

p हा फक्त प्राण्याचा गुण नाही. प्राणी त्या पाच दिवसांत कॅमेऱ्यासमोरून जाणं आणि गेल्यावर कॅमेऱ्याने टिपणं, अशा दोन गोष्टी त्यात एकत्र आहेत. दोन्ही जागेप्रमाणे, ऋतूप्रमाणे बदलतात.

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो. तेव्हा दुपारी तापलेली जमीन आणि प्राण्याचं अंग यांच्या तापमानात फारसा फरक उरत नाही आणि सेन्सरला समोरून गेलेलं जनावर कळतच नाही, असं घडू शकतं. पावसाळ्यानंतर गवत छातीइतकं वाढतं. लहान प्राणी त्यात झाकले जातात आणि वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांमुळे शेकडो रिकामे फोटो निघून बॅटरी आणि कार्ड संपतं. पाणवठ्यावरचा कॅमेरा एप्रिलमध्ये भरभरून देतो, ऑगस्टमध्ये काहीच नाही. अस्वल, बिबट्या, वाघ वाटेने चालतात. भेकर वाट ओलांडून पलीकडे जातं.

याचा परिणाम केवढा होतो पाहा. समजा दोन जंगलांत प्रत्येकी साठपैकी तीस ठिकाणी चांदी अस्वलाचा वावर आहे, अगदी सारखा. एकीकडे कॅमेरे झाडीत लावले आणि p आला १६ टक्के. दुसरीकडे जंगलातल्या रस्त्यांवर लावले आणि p आला ३० टक्के. पहिल्या जंगलात १९ ठिकाणी फोटो मिळतील, दुसऱ्यात सुमारे २६ ठिकाणी. दोन्ही अहवाल शेजारी ठेवले, तर दुसरं जंगल चांदी अस्वलाला जास्त मानवतं, असं कुणीही म्हणेल. मानवली आहे ती कॅमेऱ्याची जागा. हीच दोन जंगलं नसून एकाच जंगलाची दोन वर्षं असती, तर आपण 'संख्या घटली' अशी बातमी वाचली असती.

यावरचा इलाज मॉडेलमध्येच आहे. ψ आणि p या दोघांनाही वेगवेगळी कारणं जोडता येतात. वावर कशावर अवलंबून आहे, तर पाण्याचं अंतर, झाडोरा, गावाची जवळीक. दिसणं कशावर, तर रस्ता की झाडी, गवताची उंची, कॅमेऱ्याचं मॉडेल, तो किती दिवस खरंच चालू होता. कधी एकच कारण दोन्हीकडे उलट काम करतं. उंच गवत एखाद्या प्राण्याला आवडतं म्हणून तिथे त्याचा वावर जास्त, पण त्याच गवतामुळे तो दिसतो कमी. नुसत्या फोटोंच्या मोजणीत हे दोन परिणाम एकमेकांना खाऊन टाकतात आणि गवताचा काहीच संबंध नाही असं दिसतं. फेऱ्या वारंवार झालेल्या असतील तरच ते वेगळे करता येतात. म्हणून कॅमेरा कुठे, कसा, कितव्या दिवसापर्यंत चालू होता याची वही ही फोटोंइतकीच महत्त्वाची सामग्री आहे. हत्तीने पाडलेला किंवा चोरीला गेलेला कॅमेरा ज्या फेरीत बंद होता, तिथे शून्य लिहायचं नसतं. रकाना कोरा ठेवायचा असतो. बंद कॅमेऱ्याला शून्य दिलं, की खोट्या शून्याचा तिसरा प्रकार आपणच तयार केला.

चार चुकीचे फोटो

न दिसणं या चुकीसाठी मॉडेलमध्ये जागा आहे. पण नसलेला प्राणी दिसला, या चुकीसाठी साध्या मॉडेलमध्ये जागाच नाही. १ म्हटलं की तिथे प्राणी नक्की आहे, असंच ते धरून चालतं.

रात्रीचे फोटो काळेपांढरे असतात, कधी धूसर. वाघाटीचा फोटो आहे की बिबट मांजराचा, यावर जाणकारांचंही दुमत होऊ शकतं. शेपटीचं टोक आणि अर्धी कंबर एवढंच आलं असेल तर आणखी कठीण. समजा आपल्या चांदी अस्वलाच्या तक्त्यात चार ठिकाणी चुकीची ओळख होऊन एकेक १ पडला. नोंद झालेली ठिकाणं १९ ची २३ झाली. सरळ उत्तर थोडंसंच बिघडलं: ३२ टक्क्यांऐवजी ३८. मॉडेलचं उत्तर मात्र ४९ वरून थेट ६६ टक्क्यांवर जातं. तीस ठिकाणांची चाळीस झाली.

चार चुकांनी दहा ठिकाणं कशी वाढली? चुकीची ओळख सहसा एकदाच होते, म्हणून या नव्या चारही ओळी 'सहापैकी एकदा' अशा आहेत. मॉडेल त्यातून दोन धडे घेतं. एक, वावराची चार ठिकाणं वाढली. दोन, हा प्राणी आपल्याला वाटला त्यापेक्षाही कमी दिसतो, म्हणजे हुकलेली ठिकाणं आणखी जास्त असणार. चूक दोन बाजूंनी फुगते. त्यामुळे शंका असलेला फोटो 'बहुधा तोच' म्हणून १ मध्ये ढकलण्यापेक्षा सोडून दिलेला बरा. एक खरी नोंद गेली तर मॉडेल ते सहन करतं. किंवा मग खात्रीची आणि संशयित अशा दोन प्रकारच्या नोंदी वेगळ्या ठेवून दोन्ही चुका हाताळणारी पुढची मॉडेलं वापरावी लागतात.

मॉडेल कधी कोलमडतं, याचीही एक ओळखीची खूण आहे. प्राणी जिथे दिसला तिथे प्रत्येक ठिकाणी एकेकदाच दिसला, दोनदा कुठेच नाही, असं झालं तर दिसण्याची शक्यता अगदी किरकोळ असणार असा अर्थ निघतो. मग हुकलेल्या ठिकाणांना धरबंद राहत नाही, आणि ψ १०० टक्क्यांकडे धावतो: प्राणी सगळीकडे आहे, फक्त दिसत नाही! अशा वेळी तो शोध नसतो, माहिती संपल्याची ती कबुली असते. उत्तर १०० टक्क्यांना चिकटलेलं आणि अनिश्चितता अवाढव्य, हे दोन्ही एकत्र दिसलं की तो आकडा बाजूला ठेवायचा आणि फेऱ्या वाढवायच्या.

उलट दिशेची चूक अधिक चोरपावलांनी येते. एखाद्या ठिकाणी एकच भेकर फिरतं, दुसऱ्या ठिकाणी पाच. प्रत्येक भेकर एका फेरीत दिसण्याची शक्यता १० टक्के असेल, तर पहिल्या ठिकाणी p १० टक्के आणि दुसऱ्या ठिकाणी सुमारे ४१ टक्के होतो. सगळीकडे p एकच धरला, तर जास्त भेकरांची ठिकाणं हिशेबावर वरचढ होतात, प्राणी सहज दिसतो असं वाटू लागतं आणि एकट्या-दुकट्या भेकराची ठिकाणं हिशेबातून निसटतात. २००३ मध्ये अँड्र्यू रॉयल आणि जेम्स निकोल्स यांनी याच फरकाचा उपयोग करून घेतला: दिसण्यातला चढउतार संख्येमुळे येत असेल, तर त्या चढउतारावरून संख्येचा अंदाजही बांधता येईल.

'वावर' म्हणजे नेमकं काय

कॅमेऱ्याच्या बाबतीत एक प्रश्न बेडकांच्या डबक्यापेक्षा अवघड आहे. डबक्याला काठ असतो. कॅमेऱ्याचं 'ठिकाण' म्हणजे समोरची काही मीटर जमीन, आणि प्राण्याचा फिरण्याचा प्रदेश कित्येक चौरस किलोमीटर. मूळ मॉडेलची अट अशी की पाहणीच्या काळात त्या ठिकाणची स्थिती बदलू नये. असेल तर पूर्ण वेळ असावा, नसेल तर पूर्ण वेळ नसावा. कॅमेऱ्यासमोरच्या चार मीटरांत कुठलाच प्राणी महिनाभर बसून राहत नाही.

म्हणून कॅमेऱ्यांच्या अभ्यासात ψ चा अर्थ 'प्राणी इथे राहतो' असा घ्यायचा नाही. 'या काळात या जागेचा वापर झाला' असा घ्यायचा. आणि त्यातून एक गोष्ट ओघाने येते. कॅमेरा जितका जास्त काळ ठेवाल तितकी वापर झालेली ठिकाणं वाढत जाणार. आपल्या उदाहरणात वावर असलेलं ठिकाण हुकण्याची शक्यता ५ टक्क्यांच्या खाली आणायची तर १८ फेऱ्या, म्हणजे नव्वद दिवस लागतात. पण नव्वद दिवसांत उन्हाळ्याचा पावसाळा होतो, वयात आलेली पिल्लं नवी जागा शोधत निघतात, पाणवठे बदलतात. खोटी शून्यं संपवण्याच्या नादात आपण ज्या स्थितीबद्दल विचारत होतो ती स्थितीच बदलून जाते. तेव्हा किती दिवसांत, किती अंतरावरच्या कॅमेऱ्यांवर, कोणत्या ऋतूत, हे सांगितल्याशिवाय ऑक्युपन्सीच्या टक्केवारीला अर्थ नसतो. तीस दिवसांचे ४९ टक्के आणि नव्वद दिवसांचे ६० टक्के यांची तुलना करून वाढ झाली म्हणता येत नाही.

ठिकाण मोठं घेतलं तर ही अडचण बरीच कमी होते. कर्नाटकातल्या वाघांचा अभ्यास याचं मोठं उदाहरण आहे, जरी तो कॅमेऱ्यांचा नसून ठसे आणि विष्ठा यांसारख्या खुणांचा होता. उल्हास कारंत आणि सहकाऱ्यांनी तो २०११ मध्ये प्रसिद्ध केला. निकोल्स आणि मॅकेन्झी हे दोघेही त्यात होते. सुमारे ३८ हजार चौरस किलोमीटरचा प्रदेश १८८ चौरस किलोमीटरच्या २०५ चौकोनांत विभागला आणि ४,१७४ किलोमीटर पायी चालून खुणा शोधल्या. इथे फेऱ्या म्हणजे वेगवेगळे दिवस नव्हते, वाटेचे एकामागून एक येणारे तुकडे होते. वाघ एकाच वाटेने बराच वेळ चालतो, त्यामुळे एका तुकड्यावर खूण मिळाली की पुढच्या तुकड्यावरही मिळण्याचा संभव वाढतो. फेऱ्या एकमेकांपासून स्वतंत्र नसतात. साधं मॉडेल हे गृहीत धरत नाही. ही साखळी लक्षात घेणारं मॉडेल वापरलं तेव्हा ते माहितीशी कितीतरी चांगलं जुळलं. वाघाला योग्य अशा २१,१६७ चौरस किलोमीटरांपैकी १४,०७६ चौरस किलोमीटरांवर, म्हणजे दोन तृतीयांश भागावर वाघ असावा असा अंदाज निघाला. खूण दिसली तिथे वाघ, नाही दिसली तिथे नाही, या जुन्या रीतीने तोच वावर ४७ टक्क्यांनी कमी दिसत होता. ज्या जमिनीवर वाघ आहे ती नकाशावर वाघाविना दिसली, तर तिथल्या रस्त्याला किंवा खाणीला परवानगी देताना वाघाचा विचारच होणार नाही.

साठही ओळी रिकाम्या असतील तर?

आतापर्यंतचं सगळं गणित भरलेल्या ओळींच्या जोरावर चाललं. मग जो प्राणी एकाही कॅमेऱ्यात आला नाही, त्याचं काय? 'या जंगलातून अमुक प्राणी नाहीसा झाला' असं म्हणण्याची वेळ येते ती नेमकी इथे, आणि मॉडेल इथेच गप्प बसतं. एकही १ नसेल तर p कळायला मार्ग नाही. तो अजिबात नाही, की सगळीकडे आहे पण कधीच दिसत नाही, दोन्ही गोष्टी साठ रिकाम्या ओळींशी तितक्याच जुळतात.

अशा वेळी p उसना घ्यावा लागतो: त्याच प्राण्याचा, शक्य तितक्या सारख्या जंगलातला, त्याच ऋतूतला, तसाच कॅमेरा तशाच जागी लावून मिळवलेला. समजा तो १६ टक्केच मिळाला. मग एका वावराच्या ठिकाणी सहाही फेऱ्या हुकण्याची शक्यता ३६ टक्के. साठपैकी एकाच ठिकाणी तो असता, तर आपल्याला काहीच न दिसणं अगदी स्वाभाविक होतं. दोन ठिकाणी असता तर दोन्ही हुकण्याची शक्यता सुमारे १३ टक्के. तीन ठिकाणी असता तर साडेचार. सहा ठिकाणी असता तर हजारात दोन.

म्हणजे अहवालात लिहिता येईल असं वाक्य तयार झालं: उसना घेतलेला p इथे लागू पडतो असं धरलं, तर या साठ ठिकाणांपैकी तीन किंवा जास्त ठिकाणी या महिन्यात या प्राण्याचा वावर नसावा, अशी साधारण ९५ टक्के खात्री आहे. 'प्राणी नाही' या दोन शब्दांपेक्षा हे वाक्य लांब आणि नीरस आहे. पण पुढच्या वर्षी कुणी आणखी फेऱ्या करून ते तपासू शकतं, तीनाचे दोन किंवा एक करू शकतं, किंवा एकाच फोटोने खोटं पाडू शकतं. ज्या अहवालात p चा उल्लेखच नाही, त्यातलं 'आढळला नाही' हे जंगलाबद्दल म्हटलंय की कॅमेऱ्याबद्दल, हे मात्र कुणालाच तपासता येत नाही.